एवढंच इचारा

मेहरुन्निसाचे वडील, नवाबभाई, वेरूळच्या लेण्यांवर फ्रेंच पर्यटकांना फिरवायचे. फ्रेंच ते ऐकूनच शिकले होते. त्यांच्या मागं फिरता फिरता तिला भाषेची गोडी लागली. पुढं तिनं ती रीतसर शिकून परीक्षा दिल्या आणि शहरातल्या क्रांती चौकामागच्या घरात वरच्या खोलीत शिकवणी सुरू केली. परदेशी शिकायला जाणारी पोरं, गाईड, हॉटेलातली माणसं तिच्याकडं येत.

पहिल्याच आठवड्यात ती फळ्यावर दोन वाक्यं लिहायची. ‘ज वुले सावुआर’, म्हणजे मला जाणून घ्यायचं होतं. त्याखाली ‘ज म पेरमे द वू दमांदे’, म्हणजे आपणास विचारण्याची मुभा घेतो. “पहिलं ओळखीच्या माणसाला चालतं,” ती सांगायची. “कचेरीला लिहिताना दुसरं. नाहीतर पत्र बाजूला पडतं.”

फुलंब्रीच्या मनकर्णाबाई तिच्याकडं आल्या त्या एका उन्हाळ्यात. त्यांचा लेक बन्सी ल्याँ या फ्रेंच शहरात एका भारतीय खानावळीत स्वयंपाकी होता. हिवाळ्यात त्याच्या छातीत कफ दाटला, आणि तिथल्याच दवाखान्यात तो वारला. मालकानं अस्थी पाठवल्या, सोबत मृत्यूचा दाखला. बाकी काहीच कळलं नव्हतं. भाच्यानं मोबाईलवरून भाषांतर करून दवाखान्याला मेल केला होता, त्याला उत्तर आलं नाही.

मेहरुन्निसानं तो मेल वाचला. ‘मला माहिती पाहिजे, माझा मुलगा कसा मेला.’ शब्द बरोबर होते, पण वाचणाऱ्याला तो हुकूम वाटला असता.

“मावशी, तुम्हाला नेमकं काय विचारायचंय?”

मनकर्णाबाईंनी पदर तोंडाला लावला. “त्याला लई तरास झाला का? आन् कुनी जवळ व्हतं का? एवढंच इचारा. दुसरं काय नाय.”

मेहरुन्निसा लिहायला बसली. मायना आदराचा. ‘मला पाहिजे’च्या जागी ‘आपणास विनंती करण्याची मुभा घेते’. ‘कसा मेला’च्या जागी ‘मृत्यूसमयीची परिस्थिती’. ‘तरास’ आणि ‘जवळ कुनी’ हे त्या परिस्थितीतच आलं, असं तिला वाटलं. शेवटी ‘कृपया माझ्या आदरपूर्वक भावनांचा स्वीकार व्हावा’. पत्र निर्दोष झालं.

उत्तर आलं, तेही तेवढंच निर्दोष. दवाखान्याला कळवण्यास खेद होतो. श्वसनक्रिया निकामी. उपचार नियमानुसार. खाली तोच आदरपूर्वक भावनांचा स्वीकार.

तिनं ते वाचून दाखवलं. मनकर्णाबाई ऐकत राहिल्या, आणि ती थांबल्यावर म्हणाल्या, “आन् म्या इचारलेलं?”

मेहरुन्निसानं आपलं पत्र उघडलं. ते पुन्हा वाचलं. विचारलेलं त्यात कुठंच नव्हतं. परिस्थिती विचारली होती, परिस्थिती मिळाली.

“मीच नीट विचारलं नाही, मावशी. पुन्हा लिहिते.”

या वेळी तिनं सुरुवात आणि शेवट तसाच ठेवला. मधे मात्र दोनच वाक्यं लिहिली, घरात बोलतात तशी. माझ्या पोराला दुखलं का? तो एकटा होता का? पहिल्या वाक्यात ‘एस्क’ आलं, म्हणजे बोलण्यातलं ‘का’. कचेरीच्या पत्रात पोरांनी ते लिहिलं की ती त्यावर लाल रेघ मारायची. इथं तिनं तसंच राहू दिलं. खाली लिहिलं, ‘त्याची आई विचारते आहे.’

महिना उलटून गेला. मग त्या वॉर्डातल्या एका नर्सचा मेल आला, कचेरीमार्फत, पण साध्या भाषेत. होय, त्याला खूप दुखलं. श्वास घेता येत नव्हता, भीती वाटत होती. औषध दिलं, पण उशिरा गुण आला. बराच वेळ तो एकटा होता, त्या रात्री आम्ही कमी होतो. अखेरीला मी हात धरला. तो काहीतरी मागत होता. मला भाषा येत नव्हती. मला वाईट वाटतं.

मनकर्णाबाई समोरच बसल्या होत्या. मेहरुन्निसाला वाटलं, आता इथंही एखादा मऊ शब्द घालावा. ‘अस्वस्थ होता’ म्हणावं. तिची अम्मी आज असती तर तिनंही हेच सुचवलं असतं. पण बाई तिच्या तोंडाकडं टक लावून बघत होत्या, आणि फुलंब्रीहून पुन्हा पुन्हा आल्या होत्या त्या एवढ्याचसाठी.

“दुखलं, मावशी,” ती म्हणाली. “लई दुखलं. बराच वेळ एकटा होता. शेवटाला एका नर्सनं हात धरला. तो काहीतरी मागत होता.”

मनकर्णाबाई पुढं सरकल्या.

“काय मागत व्हता?”

“तिला कळलं नाही.”

मनकर्णाबाईंनी मान हलवली. त्या रडल्या नाहीत. “पानी आसंल,” त्या म्हणाल्या. “ल्हानपनीबी ताप आला का पानीच मागायचा.” मग त्या उठल्या आणि भिंतीला धरून जिना उतरू लागल्या.

मेहरुन्निसा त्यांना फुलंब्रीच्या गाडीपर्यंत पोचवायला गेली. गाडीत चढताना बाईंनी तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि खिडकीपाशी जाऊन बसल्या. गाडी हलली तेव्हा त्यांचं लक्ष बाहेर नव्हतं. ओठ हलत होते, पण काय म्हणत होत्या ते काचेतून ऐकू आलं नाही.