मूळ डबा

आमच्या मानसशास्त्र विभागात माझ्या एका सहकारी बाईला मुलं 'तराजूबाई' म्हणत, आणि तिला ते ठाऊक होतं. वजनं उचलण्याचं प्रात्यक्षिक तिच्याशिवाय कुणी घ्यायचं नाही. आम्ही बाकीच्या शिक्षकांनी घेतलंच, तर ती दारात उभी राहून चुका काढी. म्हणून आम्ही कुणी त्या भानगडीत पडत नसू.

एकसारखे डबे, आत छर्रे आणि कापूस. डोळे बांधलेल्या मुलीच्या हातात आधी दोनशे ग्रॅमचा मूळ डबा, मग दुसरा. दुसरा दोनशे दोनचा असला की नुसता अंदाजपंचे कारभार. दोनशे चारचा असला की चारांतल्या तीन खेपांना उत्तर बरोबर. मग मूळ डबा चारशेचा. "आता चारशे चार. कुठला जड?" पुन्हा अंदाजपंचे. चारशे आठ केल्यावर कुठे तिला जाणवायचं.

"हाताला ग्रॅम कळत नाहीत, प्रमाण कळतं," तराजूबाई सांगे. "दोनशेला चार, चारशेला आठ. दोन्हीकडे पन्नासावा भाग. माणसागणिक थोडं इकडेतिकडे होईल. पण दर खेपेला आधी मूळ डबा! मागच्या डब्याशी ताडून पाहाल तर फसाल."

घरी तिची आई अंथरुणाला खिळलेली. चणीनं लहान, चाळीस किलोंची. रोज सकाळी हीच तिला उचलून खुर्चीत बसवी. आईचा गाऊन सैल दिसायला लागला, तेव्हा धुऊन धुऊन ताणला असेल, असं हिनं ठरवून टाकलं. डॉक्टरांनी फोनवर विचारलं, "वजन उतरतंय का?"

"मी रोज उचलते. माझ्या हाताला कळलं असतं," ती म्हणाली. विभागात मी शेजारच्याच खुर्चीत होते. तेव्हा मला तिचं कौतुक वाटलं.

तीन महिन्यांनी तिची मावशी आली, त्या दिवशी मीही तिच्या घरी होते. मावशीनं मागच्या खेपेसारखं हौसेनं बहिणीला उचललं आणि तशीच उभी राहिली. "अगं, ही गेली कुठे?"

तराजूबाई आईला घेऊन काट्यावर चढली. मग एकटी चढली. वजाबाकी केली. एकतीस.

रोजची घट शंभरेक ग्रॅमची. चाळीस किलोंचा पन्नासावा भाग आठशे ग्रॅम. ही रोज कालच्या आईशी आजची आई ताडून पाहत होती आणि हात रोज फरक नाही म्हणत होता. मूळ डबा घरात कुठे होता?

"आई, भूक लागत नाही, गिळवत नाही, काही सांगायचंस तरी!" ती ओरडली. तिला इतकं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

आई हळूच म्हणाली, "मला उचलून तुझी पाठ दुखायची ना. हल्ली दुखत नाही, सवय झाली म्हणालीस. मला वाटलं, मी हलकी होतेय ते बरंच झालं."