ओ की गा

सात रस्त्याजवळ एका औषध दुकानाच्या वरच्या खोलीत मी जपानी शिकवते. शिकायला बहुतेक नर्सिंग झालेल्या मुली येतात. जपानमधल्या वृद्धाश्रमांत काम मिळावं म्हणून त्या ही भाषा शिकतात. यजमान गेल्यावर काही आठवडे वर्ग बंद होता. पुन्हा सुरू केला तेव्हा नेमका 'करू शकणे' या रूपांचा धडा समोर आला.

वळसंगहून येणाऱ्या मुलीची दोन दिवसांनी मुलाखत होती. घरी कन्नड बोलणारी, दोन वर्षं इथल्याच एका रुग्णालयात काम केलेली. घरात तिचं लग्न ठरवायची बोलणी चालू होती. ही मुलाखत हातची गेली तर तिच्याकडे लग्न लांबवायला कारण उरणार नव्हतं.

"मॅडम, कर्माला ओ प्रत्यय लावायचा म्हणून तुमीच सांगितलाव की. आता हितं गा कुटनं आला?" तिनं विचारलं.

एरवी मी मासे नाहीतर पियानो असलं काहीतरी उदाहरण देते. त्या दिवशी तोंडातून निघालं ते जेवणाचं. फळ्यावर दोन वाक्यं लिहिली. 'गोहान ओ ताबेमासेन', जेवण खात नाही. 'गोहान गा ताबेरारेमासेन', जेवण खाववत नाही.

मी म्हटलं, "आपल्याकडेच बघ. ते भाकरी खातात, ते भात खातात. क्रियापद कुणामागे चाललंय? माणसामागे. आता, त्यांना भाकरी खाववते, त्यांना भात खाववतो. इथं कुणामागे?"

"भाकरीमागं. भातामागं."

"जपानी क्रियापद तसं बदलत नाही, पण आतली गोष्ट तीच. 'ताबेरु' म्हणजे माणूस काहीतरी करतो. 'ताबेरारेरु' म्हटलं की करणं संपलं, ती एक अवस्था झाली. जेवण जाण्यासारखं आहे की नाही, एवढंच ते वाक्य सांगतं. म्हणून ज्याच्याबद्दल ते सांगायचं, त्या जेवणाला गा."

"म्हंजे माणूस बसला कोपऱ्यात, अन् भाकरी झाली मालकीण! आमच्या आईचं राज्य हाय की हे."

मुली हसल्या. मीही हसल्यासारखं केलं. ओ ठेवला तरी चालतो, जपानी लोकही कधी कधी ठेवतात, पण तुम्ही आधी गा पक्का करा, असं सांगून फळा पुसला.

घरी शेवटच्या महिन्यात यजमानांचं ताट तसंच परत यायचं. डॉक्टरांनी विचारलं, "खात नाहीत की खाववत नाही?" मी यजमानांकडे बघितलं. त्यांनी भिंतीकडे बघितलं. इतक्या वर्षांच्या संसारानंतर मला ते सांगता आलं नाही. आता विचारायचं कुणाला?

मुलाखत वर्गातच झाली, लॅपटॉपवर. मी कॅमेऱ्याच्या बाहेर बसले होते. नाव, गाव, कामाचा अनुभव, सगळं तिनं नीट सांगितलं. मग पडद्यावरच्या जपानी बाईंनी एक चित्र दाखवलं. पलंगावर आजोबा, पुढ्यात भरलेलं ताट. वरिष्ठांना काय कळवाल?

"गोहान ओ ताबेमासेन," ती म्हणाली.

"ताबेमासेन का? ताबेरारेमासेन का?" बाईंनी विचारलं.

फरक तिला ऐकू आला होता. तिनं चित्राकडे पुन्हा बघितलं, खूप वेळ. मी मनात 'गा, गा' म्हणत होते. तेच त्यांना हवं होतं, हे मला दिसत होतं.

"वाकारिमासेन," ती म्हणाली. मला कळत नाही.

पलीकडच्या बाईंनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला.

आठवड्यानं तिकडच्या नोकऱ्या लावून देणाऱ्या एजंटाचा फोन आला. निवड झाली नाही. भाषा कच्ची आहे, साधा प्रश्नही कळला नाही, असं तिकडून कळवलं होतं. प्रश्न तिला कळला होता, हे मी त्याला दोनदा सांगितलं. "मॅडम, आता तिकडं कोण ऐकतंय?" तो म्हणाला.

ती पुस्तकं परत द्यायला आली. रडून आलेली दिसत होती.

"चित्रात कसं कळणार व मॅडम? तोंडात घास दिऊन बघाय पायजे. गिळताना गळा बघाय पायजे. नुसतं ताट बघून कसं सांगू?"

"तुझं उत्तर बरोबर होतं," मी म्हटलं.

"व्हय?" तिनं माझ्याकडे बघितलं. "मग त्याचं काय करू मी?"

पुस्तकं तुझ्याकडेच ठेव, असं मी म्हटलं, तर तिनं ती टेबलावर नीट रचून ठेवली. खाली लग्नाच्या बोलणीसाठी आलेल्या पाहुण्यांची गाडी थांबली होती. ती जिना उतरून गेली. मी खिडकीपाशी गेले नाही.