पोपटने मान वळवणं सोडलं

वर्तकनगरात पोपटचं केशकर्तनालय आहे. तीस वर्षं तो आमच्या हौशी नाटकमंडळींचा रंगभूषाकारही आहे. पौराणिक नाटकात जड मुकुट घालून माना आखडल्या की नट त्याच्यापुढे बसायचे. हनुवटी धरून तो कडकन मान वळवायचा. "ताई, आता तलवार पेला!" म्हणायचा. मीही कितीदा वळवून घेतली.

गेल्या वर्षी रिक्षाने करकचून ब्रेक मारला आणि पोपटच्याच मानेला हिसका बसला. मान दुखू लागली, उजव्या हाताला मुंग्या येऊ लागल्या. आठ दिवस त्याने बाम चोळला.

नाट्यसंमेलनात मला पुरुषाची भूमिका होती. त्या दिवशी सकाळी मी मिशी लावून बघायला दुकानात गेले, तर खुर्चीत पोपट बसलेला आणि त्याचा मेव्हणा गोविंदा मागे बाह्या सरसावून उभा.

"दाजी, सैल सोडा. एका झटक्यात मोकळं."

"थांब रे," पोपट म्हणाला, "ताईंची मिशी आधी." तो उठून आला. मिशी चिकटवता चिकटवता ती त्याच्या बोटांतून निसटली. एकदा नाही, तीनदा. आता दोन्ही हातांना मुंग्या होत्या. आणि एक चप्पल खुर्चीपाशीच राहिली होती, त्याला पत्ताच नव्हता.

"पोपट, पायात चप्पल कुठाय?"

त्याने खाली पाहायला मान वाकवली आणि दचकला. "वाकलो की पाठीतून पायापर्यंत करंट जातो, ताई."

"मग वळवूनच टाकतो," गोविंदा पुढे झाला.

"हात लावशील तर खबरदार!" माझा आवाज अजून शेवटच्या रांगेपर्यंत जातो. गोविंदा जागीच थिजला.

आमच्या कॉलनीतल्या डॉक्टर रसिकाला मी फोन लावला. तिने मला काही प्रश्न विचारायला सांगितले. शेवटचा ऐकून पोपट लाजला. "कालपासून लघवी अडखळते," हळूच म्हणाला.

रसिकाचा स्वर बदलला. "एकाच हाताला मुंग्या असत्या तर बहुधा नस दबलेली असती. दोन्ही हात, पाय, लघवी म्हणजे मज्जारज्जूवर दाब असू शकतो. मान अजिबात हलवू नका. सपाट झोपवा. मी एकशे आठला कळवते."

गोविंदाने फरशीवर सतरंजी अंथरली. मान न हलवता आम्ही पोपटला जपून निजवलं. रुग्णवाहिकेतल्या माणसांनी मानेला कडक पट्टा बांधला. त्याच दिवशी एमआरआय झाला. मानेच्या मणक्यांमधली सरकलेली चकती मज्जारज्जूला दाबत होती. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया.

आधी तो भिंत धरून चालला, मग काठी, मग नुसताच. दोन बोटांची टोकं अजून बधिर आहेत. शर्टाचं बटण तो आता डोळ्यांनी बघून लावतो.

परवाच्या प्रयोगाला त्याने मला मिशी लावली. वेळ दुप्पट लागला, पण मिशी सुटली नाही. शेजारी मुकुटवाला राजा हनुवटी पुढे करून बसला. "पोपटराव, करा कडकन."

"मुकुट काढून ठेवा, महाराज," पोपट म्हणाला, "आणि गुपचूप बसा."