‘पण आता’च्या पुढे काय?

“मॅडम, आईंनी इन्सुलिन घेतलं पण आता”

एवढाच मेसेज. पुढे काही नाही. मी क्लिनिकच्या फोनकडे बघत बसले. सकाळची वेळ, वागळे इस्टेटमधलं आमचं डायबेटिसचं क्लिनिक, बाहेर बाकड्यावर पेशंट खच्चून भरलेले. मेसेज येऊन दहा-बारा मिनिटं होऊन गेली होती. तोवर मी एका आजोबांना सुई कशी टोचायची ते शिकवत होते.

मी डायबेटिस एज्युकेटर. डॉक्टर औषध लिहून देतात आणि ते घरी गेल्यावर नेमकं कसं घ्यायचं, हे मी शिकवते. इन्सुलिन किती, कधी, कुठे टोचायचं, शुगर मोजायचं मीटर कसं वापरायचं. आणि दिवसभर क्लिनिकच्या व्हॉट्सअॅपवर येणाऱ्या शंभर शंकांना उत्तरं देते. त्यातल्या ऐंशी तरी “आंबा चालेल का” अशा असतात.

मेसेज कल्याणजवळच्या मोहन्याहून होता. पाठवणारी सारिका, आमच्या पेशंट इंदूबाईंची सून. सासूचं सगळं तीच बघायची. मी वर सरकवून तिचे जुने मेसेज पाहिले. “मॅडम शुगर वाढली.” “मॅडम आज पण जास्त आली.” “मॅडम लग्नाला गेलेलो, आईंनी जिलेबी खाल्ली, शुगर खूप वाढली.” प्रत्येक वेळी मी डॉक्टरांना विचारून तिला जेवणाच्या इन्सुलिनचे तीन-चार युनिट जास्त द्यायला सांगितलेलं होतं.

त्यामुळे डोक्यात वाक्य आपोआप पूर्ण झालं. इन्सुलिन घेतलं, पण आता शुगर उतरत नाहीये. दुसरं काय असणार? हे वाक्य इतकं सहज जुळलं की मला ते सारिकाच्याच आवाजात ऐकू आलं. याचीच मला भीती वाटते. अंदाज हा अंदाज म्हणून येत नाही, माहिती असल्यासारखा येऊन बसतो.

मी फोन घेऊन डॉक्टरांच्या केबिनमध्ये घुसले.

“सर, मोहन्याच्या इंदूबाई. इन्सुलिन घेतलंय, पण काहीतरी झालंय.”

“काय झालंय?”

“माहीत नाही. मेसेज अर्धा आलाय.”

“मग अर्ध्या मेसेजवर मी काय डोस सांगू? पूर्ण करून आण. पळ.”

सर तसे तुसडे आहेत, पण बोलले ते बरोबरच. कारण ‘पण आता’च्या पुढे काहीही असू शकतं. पण आता शुगर उतरत नाही. पण आता त्या जेवायला तयार नाहीत. पण आता घाम फुटलाय. पण आता आठवतंय, मघाशीही एकदा घेतलेलं. पहिल्या वाक्याचं उत्तर आहे, आणखी इन्सुलिन. बाकी सगळ्यांचं उत्तर आहे, ताबडतोब साखर. उत्तरं एकमेकांच्या उलट. इन्सुलिन रक्तातली साखर खाली आणतं. आधीच खाली चाललेल्या माणसाला ते पुन्हा टोचलं तर तो बेशुद्ध पडतो, झटके येतात, जीवही जातो. आणि एकदा टोचलेलं इन्सुलिन परत काढता येत नाही.

मी लिहिलं, “सारिका, तुमचा मेसेज ‘पण आता’पर्यंतच आलाय. पुढे काय लिहायचं होतं? तोपर्यंत पुन्हा इन्सुलिन देऊ नका.”

“शुगर वाढली का?” असं मुद्दाम विचारलं नाही. घाबरलेलं माणूस समोरच्याच्या प्रश्नाला “हो” म्हणून मोकळं होतं. आपण विचारलं असं आपल्याला वाटतं, पण तो आपलाच अंदाज असतो, फक्त शेवटी प्रश्नचिन्ह लावलेला.

एकच टिक. मेसेज तिच्यापर्यंत पोहोचलाच नाही. फोन लावला, “संपर्क क्षेत्राच्या बाहेर”. परत लावला, तेच. एरवी ही बाई मी उत्तर द्यायच्या आधी तीन वेळा “मॅडम?” लिहिते. आज ती गप्प होती.

फाइलवर दुसरा नंबर मुलाचा होता. नितीन, माजिवड्याला एका गॅरेजमध्ये मेकॅनिक. त्याने उचलला तेव्हा मागे पान्यांची खडखड चालू होती.

“नितीन, घरी काय झालंय? सारिकाचा फोन लागत नाहीये.”

“आमच्याकडे सकाळपासून लाइट नाही मॅडम, लाइट गेली की थोड्या वेळाने तिच्या कंपनीचं नेटवर्क पण जातं. काय झालं?”

मी मेसेज वाचून दाखवला.

“अहो, शुगर वाढली असणार! काल आमच्याकडे साखरपुडा होता. आई ऐकते का कुणाचं? चार गुलाबजाम हाणले तिने. थांबा, शेजारच्या लताकाकूंचं नेटवर्क चालतं. त्यांना सांगतो, मागच्या वेळेसारखे चार युनिट अजून द्या म्हणून.”

“नाही!” मी अशी ओरडले की बाहेरच्या बाकड्यावरची कुजबुज थांबली. “नितीन, एक थेंबही नाही. तुला माहीत आहे का काय झालंय?”

“अहो पण दुसरं काय असणार?”

“तेच तर माहीत नाही. तुलाही नाही आणि मलाही नाही. मला लताकाकूंचा नंबर दे. तू आत्ता कुणाला काही सांगायचं नाहीस. कळलं?”

त्याने नंबर दिला. आवाज पडला होता पोराचा. वाईट वाटलं, पण समजूत काढायला वेळ नव्हता.

लताकाकूंनी तिसऱ्या रिंगला उचलला. मी कोण ते सांगितलं आणि म्हटलं, बोलत बोलत इंदूबाईंच्या घरी जा. त्या निघाल्या. चपलांचा आवाज, कुठलासा कुत्रा, मग दार.

“अगंबाई, इंदू आडवी झालीये. चक्कर येतेय म्हणते. साखरच वाढली असणार, कालचं गोड—”

“काकू, ‘असणार’ नको. सारिकाला फोन द्या.”

सारिका फोनवर आली ती रडवेली होऊनच. “मॅडम, मी केव्हाचा मेसेज केलाय तुम्हाला! मी वाट बघतेय!”

बिचारीला वाटत होतं तिने सगळं सांगितलंय. वाक्य तुटलेलं फक्त मला दिसत होतं. तिने दोन तुकड्यांत लिहिलेलं. पहिला तुकडा गेला, तेवढ्यात नेटवर्क गेलं आणि दुसरा तिच्याच फोनमध्ये अडकून राहिला. सासूचं डोकं मांडीवर घेऊन ती उत्तराची वाट बघत बसली होती, त्यामुळे परत फोनकडे नीट बघितलंही नव्हतं.

“सारिका, मला फक्त ‘इन्सुलिन घेतलं पण आता’ एवढंच आलंय. पुढे काय लिहिलं होतंस?”

“पण आता बघते तर पेन चुकीचं होतं!”

मी फाइलमधलं डोसचं पान काढलं.

इंदूबाईंकडे इन्सुलिनची दोन पेनं होती. लिहायच्या पेनासारखीच दिसतात. मागचं बटण फिरवून आकडा लावायचा आणि टोचायचं. एक सकाळचं, चोवीस तास हळूहळू काम करणारं, त्याचा डोस मोठा, सव्वीस युनिट. दुसरं जेवणाआधीचं, झटक्यात काम करणारं, त्याचा डोस जेमतेम सहा. लाइट नसलेल्या स्वयंपाकघरात, अंधारात इंदूबाईंनी सव्वीसचा आकडा लावला आणि टोचलं जेवणाच्या पेनाने. वर खाल्लं होतं काय, तर एक खारी नि बिनसाखरेचा चहा. सारिकाला पेन परत ठेवताना कळलं.

“किती वेळ झाला?”

“अर्धा तास झाला असेल. मॅडम, अंग ओलंगच्च झालंय, हात थरथरतायत.”

“बोलतात का? नीट गिळता येतंय?”

“बोलतात. मलाच शिव्या देतायत.”

“देऊ देत. काकूंना साखर-पाणी करायला सांग, अर्ध्या पेल्यात तीन-चार चमचे. बसवून पाज. तू तोवर मीटर लाव.”

मीटरवर चोपन्न आले. सत्तरच्या खाली म्हणजे साखर कमी, चोपन्न म्हणजे पाणी नाकाशी आलंय. आणि ते इन्सुलिन अजून भरात यायचंच होतं, त्याचा जोर तास-दोन तासांत वाढतो. मी डोळे मिटून विचार केला, याच घटकेला कुणीतरी आणखी चार युनिट टोचणार होतं.

सर एव्हाना माझ्या मागे येऊन उभे होते. मी स्पीकर चालू केला.

“सारिका, डॉक्टर बोलतोय. पंधरा मिनिटांनी परत मोजायचं. सत्तरच्या वर नाही आलं तर परत साखर-पाणी. आलं तर पोळी, भात, जे असेल ते खायला द्यायचं. पण आकडा वर आला म्हणून घरी बसायचं नाही. तो परत खाली येणार. रिक्षा बोलवा आणि कल्याणला हॉस्पिटलमध्ये जा, सलाईनमधून ग्लुकोज लागेल. वाटेत शुद्ध हरपली तर तोंडात काही घालायचं नाही, श्वासनलिकेत जातं.”

“सर, मग सकाळचं खरं पेन राहिलंय, ते देऊ का आता?”

मी आणि सर एकदमच म्हणालो, “नाही!”

“हॉस्पिटलवाले आणि मी मिळून ठरवू,” सर म्हणाले. “दोन्ही पेनं सोबत घेऊन जा.”

पुढचा पाऊण तास मी काकूंच्या फोनला चिकटून होते. दुसऱ्या वेळी मोजलं तेव्हा आकडा जेमतेम सत्तरच्या पार गेला. रिक्षात परत घसरला. काकूंनी परत साखर पाजली. इंदूबाईंचं बोलणं मध्येच जड झालं तेव्हा सारिका “आई, आई” अशी हाक मारत राहिली. ती हाक मला स्पीकरवर ऐकू येत होती आणि मी काहीच करू शकत नव्हते. टेबलावरचा चहा गार झाला. समोर बसलेल्या पेशंटने तक्रार केली नाही, उलट मलाच पाणी आणून दिलं.

हॉस्पिटलात सलाईन लागलं. दुपार सरली तरी साखर वरखाली होत होती, म्हणून त्यांना रात्रभर ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी घरी सोडलं.

पुढच्या तपासणीला तिघं आली. मी इंदूबाईंच्या सकाळच्या पेनाला जाड चिकटपट्टी गुंडाळली, डोळे मिटून हाताला कळेल अशी. सारिकाला सांगितलं, मी “पूर्ण मेसेज मिळाला” असं लिहीपर्यंत मला काही कळलंय असं धरायचं नाही, आणि घाईत मेसेज नाही, फोन करायचा, न लागला तर शेजारच्याचा घ्यायचा. ती मान डोलवत होती. इंदूबाई मात्र घुश्शात.

“मॅडम, तुम्ही माझ्या पोरावर फार ओरडलात हो. त्याला इतकं बोललात म्हणे.”

नितीन खाली मान घालून बसला होता. म्हणाला, “आई, अगं मी काकूंना फोन लावलेलाच. एका हातात माझा फोन, त्यावर मॅडम, दुसऱ्या हातात गॅरेजवाल्याचा. त्यावरून काकूंकडे रिंग जात होती. मॅडम ओरडल्या आणि मी दचकून कट केला.”

इंदूबाईंनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“बरं,” त्या म्हणाल्या, “पुढच्या वेळी पण ओरडा.”