उसनं बोट

मांजरीच्या पुढे, उसाच्या शेतांमध्ये नव्या इमारती उगवू लागल्या त्या बाजूला आमची कंपनी होती. काचेच्या बाटल्यांत ऊस आणि केळीची रोपं वाढवायची. तिथं माझ्याकडे माणसांचं खातं होतं, म्हणजे भरती, रजा, शिस्त आणि दिवाळीची मिठाई. वारज्याहून रोज स्कूटरवर गाव पालथं घालून मी तिथं पोचायचे तेव्हाच निम्मी चिडलेली असायचे, आणि उरलेली निम्मी ते हजेरीचं यंत्र चिडवायचं.

ते बोटाचं यंत्र मीच आणवलं होतं. बोट घ्यायचं तर माणसाची लेखी संमती हवी, म्हणून एका पानाचा फॉर्मही मीच मराठीत लिहिला. 'बोटाचा ठसा फक्त हजेरी व पगार यांसाठी वापरला जाईल. ज्यांचा ठसा यंत्र घेत नाही त्यांना कार्ड दिलं जाईल.' फॉर्मवर मी फार खूश होते. सगळ्यांच्या सह्या घेतल्या, फाईल लावली, आणि कार्डं काही कधी छापली नाहीत.

आमच्याकडे बाटल्या धुणाऱ्या वीसेक बायका होत्या. दिवसभर जंतुनाशकाच्या पाण्यात हात. रबरी हातमोजे द्यायचो, पण ओल्या बाटल्या मोज्यातून निसटतात आणि फुटलेली बाटली त्यांच्या माथी बसते, म्हणून त्या मोजे खुंटीला टांगून ठेवायच्या. त्यांची बोटं इतकी झिजलेली की यंत्र त्यांना माणूस म्हणूनच ओळखत नसे. सकाळी रांग खोळंबायची, आत रोपांच्या खोल्या थांबायच्या. हजेरीच्या कारकुनानं मला मेल टाकला, काय करू? त्या दिवशी मला दहा कामं होती. मी दोन ओळींत उत्तर दिलं: 'धुलाईच्या बायकांच्या नंबरावर सध्या रोपांच्या खोल्यांत काम करणाऱ्या शेजारणीचं दुसरं बोट नोंदवा. रांग अडवू नका.'

सध्या म्हणजे दोन वर्षं. धुलाईतली प्रत्येक बाई कुणाच्या तरी बोटावर हजर होत होती. कोरड्या हातांची शेजारीण उजवा अंगठा स्वतःसाठी लावायची, डावा तिच्यासाठी. बायका त्याला 'उसनं बोट' म्हणायच्या आणि हसायच्या.

मग एक दिवस घोटाळा झाला. धुलाईतल्या सगळ्यात जुन्या मावशी भावकीतल्या मयतीला गेल्या. रजेचा अर्ज रीतसर दिलेला. त्यांच्याबरोबर रोज येणाऱ्या शेजारणीनं सकाळी सवयीनं आधी उजवा अंगठा लावला, मग डावा. महिनाअखेर यंत्राच्या अहवालात एकाच दिवशी मावशी रजेवरही आणि कामावरही. नवे संचालक, मालकांचे पुतणे, तो कागद नाचवत माझ्या खोलीत आले.

"हे फसवणुकीत बसतं ना?" त्यांनी विचारलं.

"बसू शकतं," मी म्हणाले. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात भेकड वाक्य ते हेच.

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण कारकून नोकरी सोडून गेलेला, मेल फक्त माझ्याकडे, आणि संचालकांना माणसं कमी करायची घाई झालेली. दोघींना खुलासा मागणारी पत्रं गेली. शेजारणीनं घाबरून माफीनामा लिहून दिला, ती सुटली. मावशींनी कागद परत सरकवला.

"चोरी केली न्हाई, मग माफी कशाची?" त्या म्हणाल्या. "हापिसातनं सांगितलं तसं केलं."

"ऑफिसातून कुणी सांगितलं?" संचालकांनी विचारलं.

"त्या कारकून दादानं. त्येला कुणी सांगितलं, ते मला म्हाईत न्हाई."

मी खिडकीबाहेर बघत राहिले. मावशी निलंबित झाल्या. आरोपपत्रावर सही माझीच.

पुढचे सहा आठवडे मला एका जागी बसवत नव्हतं. संचालकांनी संगणकवाल्याला सांगून सगळ्यांच्या ऑफिस-मेलमध्ये मावशींचं नाव आणि नंबर शोधायला लावला. मी दर तासाला उठून पाणी पिऊन यायचे आणि त्याच्या पडद्यावर नजर टाकून यायचे. कंपनीला असं शोधता येतं का, हे मी एका वकील मैत्रिणीला फोनवर विचारलं, अर्थात 'आमच्याकडच्या एकीचा' प्रश्न म्हणून. ती म्हणाली, मेलबॉक्स कंपनीचा, आधी लेखी कळवलेलं, आणि चौकशी ठरावीक गोष्टीची असेल तर बहुतेक येतं. बाईनं ऑफिसच्या संगणकावर स्वतःचा खासगी मेल उघडला असेल तर त्यात मात्र घुसता येत नाही. मग तिनं विचारलं, "तुमच्या नियमावलीत काय लिहिलंय?" मी पाहिलं. 'कार्यालयीन मेलमध्ये खासगीपणाची अपेक्षा ठेवू नये.' हे वाक्यही माझंच. स्वतःवर इतका राग क्वचितच आला असेल.

माझ्या मेलमध्ये नाव नव्हतं, नंबर नव्हता. फक्त 'धुलाईच्या बायका.' शोध रिकामा परतला. मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं म्हणून लाजही वाटली. तो मेल मी रोज उघडायचे. एकदा पुसून टाकायच्या बटणावर बोट ठेवून मिनिटभर बसले. पुसला नाही. धाडस वगैरे काही नाही, सर्व्हरवर प्रत राहते हे मला माहीत होतं.

चौकशी अधिकारी म्हणून बाहेरचे एक वयस्कर वकील नेमले होते. चष्म्यावरून बघायचे आणि तोलून मापून बोलायचे. कंपनीची बाजू मांडायला मी. मावशींच्या मदतीला धुलाईतलीच एक सहकारी, तो त्यांचा हक्क. पहिल्या बैठकीला संचालकांनी पेनड्राईव्ह टेबलावर ठेवला.

"हे कॅमेऱ्याचं चित्रण. गेटवरचं आणि आतल्या पॅसेजमधलं. ही बाई दिवसातून किती वेळा बाथरूमला जाते याचा तक्ता काढलाय."

मावशींनी पदर खांद्यावर ओढून घेतला. वकिलांनी चष्मा काढला.

"पॅसेजमधला कॅमेरा कुठं आहे?"

"कपडे बदलायच्या खोलीसमोर. बाटल्या चोरीला जात होत्या."

"दार उघडलं की आतलं दिसतं?"

संचालकांनी माझ्याकडे पाहिलं. मला माहीत होतं, दिसतं. बायकांनी माझ्याकडे तक्रार केली होती आणि मी 'बघते' म्हणाले होते.

"तो आजच्या आज काढा," वकील म्हणाले. "दरवाजावर, गोदामात, पाटी लावून कॅमेरा ठेवलात तर मला काही म्हणायचं नाही. बायका कपडे बदलतात तिथं डोकावणारा कॅमेरा हा पोलिसांचा विषय होतो. गेटचं चित्रण मी घेतो. बाथरूमचा तक्ता घेणार नाही."

"मालमत्ता कंपनीची आहे," संचालक म्हणाले.

"भिंत कंपनीची. बाई नव्हे."

मग त्यांनी संमतीचा फॉर्म मागितला. मी दिला. त्यांनी तो मोठ्यानं वाचला. "फक्त हजेरी व पगार. छान लिहिलंय. खासगी माहितीच्या संरक्षणाचा नवा कायदा टप्प्याटप्प्यानं येतोय, नोकरीच्या कामासाठी लागणारी माहिती मालकाला वापरता येईल असं त्यात आहे. पण जेवढी लागते तेवढीच, आणि ज्यासाठी घेतली त्यासाठीच. आणि हे कार्डांचं काय? दिली होती?"

"नाही," मी म्हणाले.

"का?"

"राहून गेलं."

त्यांनी लिहून घेतलं. निलंबनाच्या वेळी काढून ठेवलेलं गेटचं चित्रण त्याआधीच्या तीस दिवसांचं होतं. रजेचा तो दिवस सोडला तर प्रत्येक कामाच्या दिवशी मावशी स्वतःच्या पायांनी आत येताना दिसत होत्या, हातात डबा. माझा जीव थोडा खाली आला. वाटलं, सुटतील आणि मला बोलावंही लागणार नाही.

दुसऱ्या बैठकीला वकील म्हणाले, "यंत्र इथं आणा. मावशी, लावा बोट. तुमचं बोट लागत नाही, यावरच तर तुमचा बचाव उभा आहे."

मावशींनी बोट पदराला पुसलं आणि ठेवलं. यंत्र हिरवं झालं. दोन वर्षांपूर्वी पहिल्या दिवशी कसाबसा घेतलेला त्यांचा स्वतःचा ठसा यंत्रात अजून होता, आणि तो जुळला.

मावशींनी पुन्हा लावलं. पुन्हा हिरवं. त्या आधी हसल्या, खरंच आनंदानं हसल्या, पोर बरं झाल्यासारख्या. "लागलं की! बगा, लागलं!" मग त्यांनी संचालकांचा चेहरा पाहिला.

"म्हणजे बोट लागतंय," संचालक म्हणाले. "मग दुसरीचं कशाला लागत होतं? सर, आता काय उरलं?"

मावशी स्वतःच्या बोटाकडे बघत राहिल्या. घरी बसून सहा आठवडे त्यांनी जंतुनाशकाला हात लावला नव्हता. रोज खोबरेल चोळलं होतं, हे मागाहून कळलं. कातडी भरून आली होती. ज्या निलंबनानं त्यांना चोर ठरवलं त्यानंच बोट बरं केलं, आणि बऱ्या झालेल्या बोटानं त्यांच्याविरुद्ध साक्ष दिली.

"मावशी, काही सांगायचंय?" वकिलांनी विचारलं.

"काय सांगू," त्या म्हणाल्या. "मला आता माजंच खरं वाटंना."

उठून मी माझा लॅपटॉप वकिलांपुढे ठेवला आणि मेल उघडला. म्हणाले, "मला कंपनीची बाजू मांडता येणार नाही. मला साक्षीदार करा. हे सांगणारी मी. धुलाईच्या सगळ्या बायकांना हेच करायला लावलं होतं. सहा आठवडे जंतुनाशकाबाहेर राहिलं की बोट येतं, परत आत गेलं की जातं. पाहिजे तर आत चला आणि आज पाण्यात हात असलेल्या बायकांची बोटं लावून बघा."

वकील आत धुलाईत गेले. सहा बायकांची बोटं लावून पाहिली, एकीचंही लागलं नाही. आरोप टिकला नाही. मावशींना त्याच आठवड्यात परत घेतलं, पॅसेजमधला कॅमेरा उतरला, कार्डं छापली. संचालकांनी मला खोलीत बोलावून, अहो-जाहो करत, अत्यंत सभ्यपणे राजीनामा लिहायला सांगितलं. मी लिहिला. त्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही.

वाईट वाटलं ते गेटवर. मावशी माझ्या स्कूटरजवळ थांबल्या होत्या. मला वाटलं, आभार मानतील. त्यासाठी मी चेहराही तयार केला होता.

"म्याडम," त्यांनी विचारलं, "तुमाला पयल्या दिवसापासनं म्हाईत व्हतं?"

"हो," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. "मी घरी रोज म्हनत हुते, आपल्या म्याडम हायेत तितं, त्या न्हाई काय हू देणार."

एवढं बोलून त्या आत गेल्या. कार्ड यंत्राला टेकवलं आणि मागं वळून पाहिलं नाही.