प्रबंधाचा साचा

संध्या हिवराळे समाजशास्त्र विभागात तासिका तत्त्वावर शिकवत होती. या नोकरीचं वैशिष्ट्य असं की माणूस दरवर्षी नव्याने लागतो आणि दरवर्षी उन्हाळ्यात आपोआप सुटतो. कुणाला काढावं लागत नाही. यंदा मात्र विभागात एक कायमची जागा निघाली होती, संध्याची मुलाखतही झाली होती, आणि निकाल लागायचा होता.

मुलाखतीला आत पाच जण बसले होते. त्यातल्या तिघांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. ती बाहेर आली, रिक्षात बसली, छावणीतल्या घरी गेली, आणि तेव्हापासून तिचं काहीतरी बधिर झालं. पाय दुमडून बराच वेळ बसलं की तो आपला वाटतच नाही, तसं. तिची आई, आवडाबाई, ताट वाढून समोर बसायची.

"संध्ये, जेवतीस का नुसतं गिळतीस? भाजीत मीठ नाय आज, अन् तू बोलली बी नाय."

"असेल," संध्या म्हणायची.

अशात विभागप्रमुख जाधव सरांनी तिला साचा करायला सांगितला. साचा म्हणजे पीएच.डी.च्या प्रबंधाची वर्डमधली तयार फाइल. विभागातला प्रत्येक विद्यार्थी आपापल्या अकलेने प्रबंध सजवून आणायचा. कुणाचे मथळे लाल, कुणाच्या ओळी खेटून. डाव्या बाजूला बायंडिंगपुरती जागा सोडायची हे तर जणू राज्यगुपित होतं. पुस्तक बांधून आलं की ओळींची पहिली अक्षरं शिवणीत गायब व्हायची आणि विद्यापीठाच्या कार्यालयातून सगळंच परत यायचं. समाजाची उतरंड जन्मभर शिकवणाऱ्या लोकांना मथळा आणि उपमथळा यांची उतरंड काही लावता येत नव्हती.

"असा साचा करा मॅडम, की पोरांना इकडचं तिकडं करताच नाय आलं पाहिजे," सर म्हणाले. "अन् विभागासाठी काम केलेलं दिसतं हो. बघणारे बघतात."

बघणाऱ्यांविषयी संध्याला काही वाटलं नाही. तिने काम मात्र मनापासून नसलं तरी नीट केलं. समास ठरवले. प्रकरणाचं नाव, उपमथळा, मुख्य मजकूर, उतारा, तळटीप, तक्त्याचं शीर्षक, प्रत्येकाची वेगळी स्टाइल बांधली. मराठीसाठी फाँट आणि आकार वर्डमध्ये वेगळ्या चौकटीत भरावा लागतो. नुसता इंग्रजीचा आकार वाढवला तर मराठी अक्षर जिथल्या तिथं राहतं. तेही तिने भरलं. अनुक्रमणिका अशी जोडली की मथळ्यांना स्टाइल लावल्या की ती मथळे आणि पानं आपली आपण गोळा करील. मग संपादनावर मर्यादा घालण्याच्या खिडकीत जाऊन तेवढ्याच स्टाइलींवर खुणा ठेवल्या, बाकी सगळ्या काढल्या, आणि पासवर्ड घालून बंदोबस्त केला. आता विद्यार्थ्याला मजकूर हवा तो लिहिता येणार होता, पण फाँट बदलायची बटणं मेलेली. शेवटी फाइल टेम्प्लेट म्हणून साठवली, म्हणजे त्यावर दोनदा टिचकी मारली की मूळ साचा न उघडता त्याची नवी कोरी प्रत उघडते.

एवढं करून ती घरी गेली. आनंद झाला नाही. झाला असता तर तिलाच नवल वाटलं असतं.

साच्याची परीक्षा सोनियाने घेतली. सोनिया वैजापूरच्या एका शाळेत शिक्षिका, जाधव सरांची विद्यार्थिनी. सही सरांची, पण प्रकरणं एकेक करून संध्यानेच तपासलेली. प्रबंध सादर करायची तिची मुदत या आठवड्यात संपत होती. दुपारी ती पेनड्राइव्ह घेऊन आली, टायपिंगवाल्याकडून आणलेलं पहिलं प्रकरण साच्यात चिकटवलं आणि किंचाळली.

"मॅडम, हे काय झालं ओ? माझं मराठी कुठं गेलं?"

पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, टोप्या आणि आडव्यातिडव्या रेघांचा उकिरडा पडला होता. संध्याने पाहिलं आणि तिला लगेच कळलं. टायपिंगवाला अजून जुन्या फाँटमध्ये टाइप करायचा. त्या फाँटमध्ये आतली अक्षरं इंग्रजीच असतात, वरून फक्त मराठी दिसतं. साच्याने जुना फाँट काढून स्वतःचा चढवला, आणि आतलं होतं ते उघडं पडलं. चूक संध्याची होती. तिने साचा तपासला तो स्वतःच्या प्रबंधाचा मजकूर घालून, आणि तिचा प्रबंध तिने स्वतः युनिकोडमध्ये टाइप केलेला. गावोगावची पोरं दुकानातून टाइप करून आणतात हे तिला माहीत नव्हतं असं नाही. सुचलं नाही, इतकंच.

"रडू नको," ती म्हणाली. "मजकूर गेलेला नाही. मूळ फाइल आहे ना? आधी युनिकोड करून घेऊ, मग चिकटवू."

कन्व्हर्टरमधून एकेक प्रकरण काढलं. रफार भलत्याच अक्षरावर चढले होते, काही जोडाक्षरं फुटली होती. दोघी शेजारी बसून ओळीओळीने दुरुस्त करत गेल्या. मथळ्यांना स्टाइल लावल्या, आणि अनुक्रमणिका ताजी केल्यावर पानं बिनचूक लागली तेव्हा सोनियाने टाळी वाजवली. संध्या म्हणाली, "झालं की."

शेवटी राहिलं प्रमाणपत्राचं पान. तिथं मार्गदर्शकाचं नाव टाइप करायची सोय संध्याने ठेवलीच नव्हती. विद्यार्थी नावात आणि पदात हमखास चुका करतात, म्हणून उघडती यादी दिली होती. त्यातून निवडायचं, एवढंच. सोनियाने यादी उघडली, वरून खाली पाहिली, परत पाहिली.

"यात तुमचं नाव नाय."

"कायम प्राध्यापकांचीच येतात त्यात."

"मग येईलच की आता. निकाल लागू द्या. मी तर म्हणते, लई आधीच यायला पायजे होतं."

तेवढ्यात जाधव सर दारात आले. आत मात्र आले नाहीत, चौकटीला हात लावून उभे राहिले.

"मॅडम, साचा आजच ग्रुपवर टाकू. फक्त मार्गदर्शकांच्या यादीत एक नाव वाढवा. डॉ. ऋतुराज बोर्डे. आधीच्या कॉलेजात त्यांना गाइडची मान्यता होतीच. सोमवारी रुजू होतायत." मग घसा खाकरून म्हणाले, "तुम्हाला कळलंच असंल म्हणा."

"हो," संध्या म्हणाली. तिला कळलं नव्हतं.

सर गेले. सोनिया खाली मान घालून पेनड्राइव्हचं टोपण काढत-घालत बसली.

संध्याने साच्याच्या फाइलवर उजवी टिचकी मारून तो मुळातून उघडला. पासवर्ड देऊन बंधन काढलं. यादीचे गुणधर्म उघडले, नवी नोंद घेतली, नाव लिहिलं. नावापुढे पद लिहायचं होतं. 'सहायक प्राध्यापक, समाजशास्त्र विभाग.' एवढी ओळ तिने एका दमात, न अडखळता टाइप केली. ही ओळ तिला पाठ होती. आंघोळ करताना, रिक्षात बसल्यावर, मुलाखतीच्या आदल्या रात्री, ती स्वतःच्या नावापुढे लावून तिने इतक्यांदा मनात म्हटली होती.

बोटं थांबल्यावर ते तिच्या ध्यानात आलं. आणि इतके दिवस जे कुठंच दुखत नव्हतं ते एकदम दुखलं, इतकं की तिने टेबलाची कड धरली.

"मॅडम, असू द्या ना. मी टाकते," सोनिया म्हणाली.

"तुला नाही येणार," संध्या म्हणाली, आणि साचा पुन्हा बंद करायला पासवर्ड टाइप करू लागली. पहिल्यांदा चुकला. दुसऱ्यांदाही चुकला.