किटलीतली कलई

जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये आम्ही बोअरचं पाणी प्यायचो. माहेरहून आलेल्या विजेच्या किटलीत त्या पाण्याने पांढरा जाड थर धरला होता. कॉइल दिसेनाशी झाली होती आणि पाणी उकळता उकळत नव्हतं. बाळाच्या बाटलीत पांढऱ्या पापड्या तरंगलेल्या दिसल्या तेव्हा मी किटली साफ करायला घेतली.

मी लिंबाचा रस पाण्यात घालून कॉइल बुडेल इतकं भरलं, एक उकळी आणली, प्लग काढला आणि तासभर तसंच ठेवलं. आत फसफस चालली होती. सुरीने खरवडायचा मोह आवरला, कारण किटली पितळेची, आतून कलई केलेली. थर मऊ पडल्यावर फडक्याने निघाला.

बाळंतपणासाठी पवनीहून आलेल्या सासूबाई हे सगळं दारातून बघत होत्या. पितळेच्या भांड्यात लिंबू म्हणजे त्यांच्या लेखी विष कालवणंच. त्यांनी जन्मभर कलईवाल्याला दारात बसवून भांडी पांढरी करून घेतली होती, त्यामुळे किटलीतला पांढरा थरही त्यांना कलईच वाटत आला होता.

"कलई गेली, बाई. यातलं पानी लेकराले देऊ नोको."

मी उजेडात धरून दाखवलं. आतून सगळं चकचकीत, पितळ उघडं पडल्याचा पिवळा डाग कुठेच नाही. दोनदा साधं पाणी उकळून फेकलं, तिसरं चाखलं. आंबट नव्हतं, तळाशी काही बसलं नव्हतं. त्यांनी मान फिरवली आणि बाळाचं पाणी चुलीवरच्या भगुण्यात ठेवलं. माझी किटली त्यांच्या डोळ्यांत पहिल्यापासूनच खुपत होती, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी अंघोळ करून आले, तर किटली गरम. दुपारी पुन्हा गरम. आत पाणी मात्र नाही. आता संशयाला काय लागतं? रिकामी किटली चालवून कॉइल जाळायची आणि मग "बघ, म्हटलं नव्हतं का" म्हणायचं, हाच बेत असणार. संध्याकाळी मी मुद्दाम चप्पल न घालता स्वयंपाकघरात गेले.

सासूबाई ओट्याशी उभ्या होत्या. हातात वाफाळता पेला, आणि त्या पाणी फुंकून फुंकून पीत होत्या. मला पाहून दचकल्या, पण पेला खाली ठेवला नाही.

"लेकराले देण्याच्या आधी मी पिऊन पाहून राहिली," त्या म्हणाल्या. "काल रातीपासून पेते. मले तं काई झालं नाई."

असं एका दिवसात काही कळत नसतं, हे मला ठाऊक होतं. कलई शाबूत आहे हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं, म्हणून मला भीती नव्हती. त्यांना मात्र ते विषच वाटत होतं, आणि तरी त्या पीत होत्या.

मला माझ्या संशयाची लाज वाटली. मी त्यांच्या हातातला पेला घेतला आणि उरलेलं पाणी पिऊन टाकलं.